एका करातून तिन्ही कालखंडांची उजळणी कशी करावी

‘करपद्धती’ हा विषय एकदम घेतला तर पसारा आवरत नाही. जकात, मीठ, जिझिया बाजूला ठेवा आणि फक्त शेतसारा धरा. तो प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक अशा तिन्ही कालखंडांत सलग सापडतो.

एका कोऱ्या पानावर तीन उभे रकाने आखा आणि डावीकडे तीनच प्रश्न लिहा: वाटा कशाचा? धान्यात की रोख? पीक बुडालं तर तोटा कोणाचा?

प्राचीन रकान्यात अशोकाचा लुंबिनी स्तंभलेख घ्या. बुद्धाचं जन्मगाव म्हणून त्याने तिथला ‘बली’ हा कर माफ केला आणि ‘भाग’, म्हणजे पिकातला राजाचा वाटा, आठव्या हिश्श्यावर आणला. रूढ हिस्सा सहावा मानला जाई. वाटा पिकाचा असल्याने पीक घटलं की राजाचा हिस्साही घटे.

मध्ययुगात तोडरमलाची 1580 ची दहसाला पद्धत घ्या. दहा वर्षांच्या उत्पन्नाची आणि भावांची सरासरी काढून, उत्पन्नाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढा दर रोखीत ठरे. त्यामुळे बाजारभाव शेतकऱ्याच्या हिशेबात आला.

आधुनिक रकान्यावर जास्त वेळ द्या. मुंबई इलाख्यात 1836 मध्ये इंदापूरपासून थेट शेतकऱ्याकडून सारा घेणारी नवी रयतवारी आकारणी सुरू झाली: दर रोख आणि 30 वर्षांसाठी कायम. मुदत संपल्यावर सारा वाढवला गेला, नेमके तेव्हाच अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भाव कोसळत होते. सारा भरायला सावकाराशिवाय वाट उरली नाही. 1875 मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, त्याचं एक मोठं कारण तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात दिसतं.

सर्वाधिक चुका पहिल्या प्रश्नावर होतात. सहावा, तिसरा, चौथाई हे आकडे एका रांगेत मांडून ‘कर वाढला की घटला’ असं विद्यार्थी लिहितात. पण मराठ्यांची चौथाई पिकाची नव्हे, त्या मुलखाच्या ठरलेल्या महसुलाची होती. 1793 च्या कायमधाऱ्यात सरकारला द्यायचे दहा-अकरांश जमीनदाराने वसूल केलेल्या खंडाचे होते. म्हणून प्रत्येक अपूर्णांकापुढे ‘कशाचा’ हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता प्रश्न तयार करा. वस्तुनिष्ठ प्रश्न याच चुकीवर बेतावा: ‘पुढीलपैकी कोणता वाटा थेट पिकाचा होता? (अ) लुंबिनीचा आठवा हिस्सा (ब) चौथाई (क) कायमधाऱ्यातील दहा-अकरांश.’ उत्तर: अ.

‘मौर्य, मुघल आणि ब्रिटिश करपद्धती स्पष्ट करा’ हा दीर्घोत्तरी प्रश्न मात्र कच्चा आहे, कारण तीन सुटे परिच्छेद लिहूनही पूर्ण गुण मिळतात. त्याऐवजी विचारा: ‘पिकातील वाट्याऐवजी ठरलेला रोख सारा आल्याने दुष्काळाचा भार कोणावर सरकला? तिन्ही कालखंडांतील एकेक उदाहरण घेऊन लिहा.’ नमुना उत्तर स्वतः लिहून पाहा. मधला परिच्छेद झाकूनही उत्तर पूर्ण वाटलं, तर प्रश्न पुन्हा बांधा.