पावर हाय म्हणून काहीही करता येत नाही, या चुका टाळा

कोल्हापुरात दस्त लिहायचं काम करतोय, आठवड्यातनं एकदा तरी कोणीतरी येऊन म्हणतंच, "पावर हाय की माझ्याकडं, मग अडचण काय?" अडचण हीच की पावर म्हणजे वटमुखत्यारपत्र, आणि त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देणारा माणूस गेला तरी पावर चालते असं समजणं. मागं करवीर तालुक्यातल्या एका गावचा पुतण्या आला, चुलत्यांनी जमीन विकायला पावर दिलेली, रीतसर नोंदवलेली, विसार पण घेतलेला. दस्ताला जोडायचं घोषणापत्र मी वाचून दाखवलं, त्यात पावर देणारे हयात आहेत आणि पावर रद्द केलेली नाही अशी ओळ असते, तिथं गडी एकदम गप्प. चुलते 9 दिवसांपूर्वी वारलेले, आणि हा बाराव्याच्या आधी उरकूया म्हणून घाईनं आलेला! वर मलाच विचारतो, "कागद तर त्यांच्या हयातीतलाच आहे ना?"

अहो, सही आज होणार. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 सरळ सांगतं, देणारा मेला की मुखत्यारी संपली. मुखत्याराचा स्वतःचा हक्क त्या मिळकतीत गुंतलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण पुतण्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या हातात उरलं ते एवढंच, की वारस ताबा घेईपर्यंत जमीन सांभाळायची, विकायची नाही. पुढं चुलतीनं आणि दोन्ही मुलींनी सातबाऱ्यावर वारस नोंद लावून घेतली, मग त्यांनी स्वतः सह्या केल्या. वेळ गेला, पण मुली नंतर कोर्टात गेल्या असत्या तर घेणारा वर्षानुवर्षं अडकला असता. तेव्हापासून माझी सवय, सहीच्या दिवशी सकाळी देणाऱ्याला व्हिडिओ कॉल लावायचा. लोक हसतात, हसूदे.

याच कलमात दुसरी मेख आहे. वडिलांचं डोकं चालेनासं झालं, माणसं ओळखेनात, की त्यांनी दिलेली पावर पण संपते, आणि नेमकं तेव्हाच लोक ती कपाटातनं बाहेर काढतात. त्या अवस्थेत अंगठा घेऊन नवी करू नका, ती टिकत नाही, कोर्टाकडनंच वाट काढावी लागते.

"जनरल" लिहिलंय म्हणजे सगळं आलं असं नाही. देखभाल करणे, भाडं वसूल करणे एवढंच लिहिलं असेल तर विकता येत नाही, विक्री स्पष्ट लिहा, गट नंबरासकट. आणि सही करताना नुसतं स्वतःचं नाव ठोकू नका, "अमुक तर्फे वटमुखत्यार तमुक" असं लिहा.

दुसऱ्याच्या वतीनं मृत्युपत्र करता येत नाही.

आणि नुसत्या पावरवर प्लॉट "घेतला" म्हणणाऱ्यांनो, 2011 लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की त्यानं मालकी येत नाही. स्टॅम्प वाचवायला गेलात तर खरेदीपत्र करून घ्यायला परत त्याच माणसामागं फिरायचंय, तोपर्यंत तो हयात असला तर.