परदेशात मध्यरात्रीच्या आसपास जन्म? वय काढताना या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये 31 डिसेंबर 2019 रोजी रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी मूल जन्मलं. त्या वेळी पुण्यात 1 जानेवारी 2020 ची सकाळ होती, 9 वाजून 50 मिनिटं. आजी-आजोबांना फोन आला तो 1 तारखेला, त्यामुळे घरात वाढदिवसही 1 तारखेचाच ठरून गेला. घरगुती कौतुकापुरतं यात काही बिघडत नाही. पुढे कुटुंब पुण्याला परतलं आणि शाळेच्या अर्जात आजोबांनी हीच तारीख लिहिली, की मात्र घोळ सुरू होतो.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. जन्मदाखल्यावरच्या 31 डिसेंबर 2019 या तारखेने हे मूल 31 डिसेंबर 2025 ला सहा वर्षांचं होतं, म्हणजे 2025-26 च्या पहिलीत बसतं. 1 जानेवारी 2020 लिहिली तर एका दिवसाने हुकतं. त्यातून अर्जातली तारीख एक आणि पासपोर्टवरची दुसरी, म्हणून कागदपत्रं तपासताना अडवणूक होते ती वेगळीच.

पहिली चूक इथेच आहे: जन्मतारखेचं भारतीय वेळेत रूपांतर करणं. जन्मतारीख म्हणजे जिथे जन्म झाला तिथल्या कॅलेंडरवरचा दिवस. जन्मदाखला, पासपोर्ट, ओसीआय कार्ड सगळीकडे तोच चालतो. उलट दिशेलाही हेच. सिडनीत 1 जानेवारीला रात्री 12:15 ला जन्मलेल्या मुलीच्या वेळी मुंबईत 31 डिसेंबरची संध्याकाळ होती, तरी तिची तारीख 1 जानेवारीच.

अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात. जुलैत रात्री 12:20 ला जन्म झाला, की कुणीतरी हुशारीने तो तास वजा करून ‘खरी वेळ 11:20, म्हणजे आदला दिवस’ असं सांगतं. हेही करू नका. दाखल्यावर त्या दिवशी चालू असलेल्या घड्याळाची वेळ असते आणि तारीख तिच्यावरूनच ठरते.

दुसरी चूक तास-मिनिटं मोजण्याची. ‘जन्म सकाळी 9:50 चा, म्हणून अठरावं वर्ष 9:50 ला पूर्ण’ असा हिशेब कायदा करत नाही. 1875 च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाच्या सुरुवातीलाच माणूस सज्ञान होतो. जन्म पहाटेचा की रात्री 11:20 चा, याने काही फरक पडत नाही. म्हणून वय काढताना जन्मवेळ विचारणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर टाळलेले बरे. एक्सेलमध्ये नुसत्या तारखा पुरतात. हे सूत्र 6 उत्तर देतं:

```
=DATEDIF(DATE(2019,12,31),DATE(2025,12,31),"Y")
```

कधी कधी अर्ज बरोबर भरलेला असतो, पण छापील पावतीवर तारीख एक दिवस मागे दिसते. हा बहुधा वेबसाइटचा दोष. भारतीय वेळेवर चाललेल्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टची ही ओळ चालवून पाहा:

```
new Date(2019, 11, 31).toISOString()
// "2019-12-30T18:30:00.000Z"
```

(इथे महिने 0 पासून मोजतात, म्हणून 11 म्हणजे डिसेंबर.) भारतातली मध्यरात्र म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा. प्रोग्रामने त्यातला फक्त तारखेचा तुकडा उचलला, की 30 डिसेंबर हाती येतं. साठवलेल्या माहितीत जागोजागी 18:30 दिसलं तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. उपाय सोपा आहे: जन्मतारीख `2019-12-31` अशी साध्या मजकुरात किंवा डेटाबेसच्या `DATE` प्रकारात ठेवायची, तिला वेळ चिकटवायचीच नाही. अर्जदाराने मात्र ‘सिस्टीम एक दिवस मागे दाखवते’ म्हणून मुद्दाम एक दिवस पुढची तारीख भरू नये. दोष दुरुस्त झाला की ती भरलेली तारीख खरोखरच चुकीची ठरते.

जन्मवेळ आणि टाइम झोन जिथे खरोखर लागतात ती जागा म्हणजे पत्रिका. तिथेही घोळ ठरलेला: वेळ भारतीय करून 1 जानेवारी, 9:50 भरायची आणि जन्मस्थान एडिसनच ठेवायचं. सॉफ्टवेअर स्थळावरून टाइम झोन स्वतःच धरतं, त्यामुळे जन्म साडेदहा तास पुढे सरकतो. लग्नराशी साधारण दोन तासांना बदलते, म्हणजे लग्न पाचेक राशींनी चुकलं. तिथली तारीख, तिथली वेळ, तिथलं गाव असंच भरा.

चुकीची तारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आधीच चढली असेल, तर मूळ जन्मदाखला आणि पासपोर्ट घेऊन मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. मूल शाळेत आहे तोवर हे करून घ्या. तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरली की तीच दुरुस्ती फार किचकट होते.