फॉर्म 16 आला? जानेवारी ते मार्चच्या पगाराच्या स्लिपा काढा

फॉर्म 16 मधला एकूण आकडा बघून थांबू नका, ‘भाग अ’ मधला तिमाही तक्ता बघा. अंधेरीत नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा दरमहा 4,000 रुपये टीडीएस कापला जायचा. जानेवारी ते मार्चच्या स्लिपांची बेरीज 12,000, पण तक्त्यात आणि आयकर पोर्टलवरच्या 26AS या जमा कराच्या नोंदपत्रात 8,000च. मार्चची नोंद कंपनीच्या टीडीएस विवरणपत्रात राहून गेली होती. (मार्चचा कर भरायला कंपनीला 30 एप्रिलपर्यंत मुदत असते, त्यामुळे एप्रिलमध्ये तो दिसला नाही तर लगेच भांडायला जाऊ नका.) तिने स्लिपा जोडून अकाउंट्सला ईमेल केला, विवरणपत्र दुरुस्त करून घेतलं आणि 26AS मध्ये 12,000 दिसल्यावरच रिटर्न भरलं. घाई केली असती, तर उरलेल्या 4,000ची मागणी तिच्याच नावावर निघू शकली असती.