लेबलं एकमेकांवर चढलेली असताना क्रॉस व्हॅलिडेशन: या चुका टाळा

"मॉडेलची अचूकता चौसष्ट टक्के आली, आता पैसे लावू का?" असं विचारत कोणी आलं की मी उलट दोनच प्रश्न विचारतो. लेबल किती दिवसांचं आहे? आणि फोल्ड, म्हणजे ट्रेनिंग आणि टेस्टसाठी डेटाचे तुकडे, कसे पाडले? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला बहुतेक वेळा "लायब्ररीतलं वापरलं" एवढंच उत्तर येतं, आणि पुढची अर्धी संध्याकाळ माझी जाते. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो.

समजा लेबल असं आहे: आजच्या बंद भावापासून पुढच्या २० दिवसांत भाव वर गेला तर १, नाहीतर ०. आजच्या ओळीचं लेबल पुढच्या २० दिवसांच्या परताव्यावर ठरतं आणि उद्याच्या ओळीचं त्याच्या एक दिवस पुढच्या २० वर. म्हणजे दोघांत १९ दिवस सामाईक. रोजचे परतावे एकमेकांपासून स्वतंत्र धरले तरी या दोन २० दिवसांच्या परताव्यांचा सहसंबंध ०.९५ येतो. त्यात तुमची फीचर्स ६० दिवसांची सरासरी, ६० दिवसांची चंचलता असली संथ असतील तर आजची आणि उद्याची ओळ इनपुटमध्येही जवळपास सारखीच दिसते. इनपुट सारखं, उत्तर सारखं. आता यातली एक ओळ ट्रेनिंगमध्ये आणि दुसरी टेस्टमध्ये गेली, तर मॉडेलला काही शिकावंच लागत नाही. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं की झालं.

`shuffle=True`

यावर फार लिहीत नाही. ओळी पिसून फोल्ड पाडले की टेस्टमधल्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेजारी ट्रेनिंगमध्ये बसलेला असतो. तो आकडा वहीत लिहूनसुद्धा ठेवू नका.

`gap` म्हणजे दिवस नव्हेत, ओळी

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे, तीही "मला हे सगळं माहीत आहे" अशा रुबाबात. सायकिट-लर्नमधल्या `TimeSeriesSplit` ला `gap` नावाचा पॅरामीटर आहे. ट्रेनिंगच्या शेवटच्या तेवढ्या ओळी तो वगळतो. माझं लेबल २० दिवसांचं, म्हणून मी `gap=20` दिलं आणि निवांत झालो. डेटा होता ४० शेअर्सचा, साधारण २००० दिवसांचा, तारखेनुसार एकाखाली एक रचलेला. एका दिवसाच्या ४० ओळी. म्हणजे माझ्या २० ओळींच्या गॅपने नेमका अर्धा दिवस वगळला होता.

फोल्ड होते ३०, त्यामुळे प्रत्येक टेस्टचा तुकडा जेमतेम ६४ दिवसांचा. एकूण अचूकता ५५ टक्के. हा आकडा मोठा धोकादायक. ७० आली असती तर मला लगेच शंका आली असती. ५५ म्हणजे कष्टाने मिळालेल्या खऱ्या सिग्नलसारखी दिसते. दोन महिने खरे पैसे न लावता कागदी व्यवहार चालवले आणि निकाल नाणेफेकीपेक्षा वेगळा दिसेना. "बाजाराचा स्वभाव बदलला" हे स्पष्टीकरण मी स्वतःला आठवडाभर दिलं. ते देणं फार सोपं असतं.

मग सहकाऱ्याने सुचवलं, टेस्टच्या तुकड्यात कितव्या दिवशी किती अचूकता आहे ते बघ. बघितलं. तुकड्याच्या पहिल्या १९ दिवसांत सरासरी ६६ टक्के आणि उरलेल्या ४५ दिवसांत ५०च्या आसपास. आलेख डोंगराच्या कड्यासारखा खाली कोसळत होता, आणि तोही बरोबर लेबलच्या लांबीपाशी. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवसांची लेबलं टेस्टच्या सुरुवातीचे परतावे आधीच सांगून बसली होती. बाजाराची ६० दिवसांची चंचलता हे माझं फीचर सगळ्या शेअर्सना सारखंच होतं आणि संथ होतं, त्यामुळे माझ्या मॉडेलमधल्या निर्णयवृक्षांना, म्हणजे झाडांना, "हाच तो काळ" हे ओळखणं अवघड गेलं नाही.

तेव्हापासून हा आलेख मी प्रत्येक मॉडेलला काढतो: टेस्टच्या सुरुवातीपासूनचं अंतर आडव्या अक्षावर, अचूकता उभ्या अक्षावर. गळती असेल तर ती इथे कड्यासारखी दिसते. ट्रेनिंगचा डेटा टेस्टच्या नंतरही असेल, तर तसाच कडा तुकड्याच्या शेवटीही शोधा.

"मग `gap=800` देतो" असं म्हणणारे लगेच भेटतात. देऊ नका. काही शेअर्स उशिरा आले असतील, काहींच्या ओळी मधूनच गायब असतील. ८०० ओळी म्हणजे २० दिवसच असतील याची खात्री नाही, शिवाय तुकड्याची सीमा एखाद्या दिवसाच्या मधोमध पडू शकते. आणि डेटा तारखेऐवजी शेअरनुसार रचलेला असेल तर विचारूच नका. तिथे तुम्ही काही शेअर्सवर सगळी वर्षं शिकता आणि उरलेल्या शेअर्सवर तीच वर्षं तपासता.

ओळी मोजू नका, काळ मोजा

माझी सवय साधी आहे. प्रत्येक ओळीला दोन आकडे चिकटवायचे: `t0` म्हणजे लेबल सुरू होतं तो व्यवहाराचा दिवस आणि `t1` म्हणजे ते संपतं तो. दिवसांना क्रमांक देताना सगळ्या शेअर्सच्या तारखा एकत्र घ्यायच्या, म्हणजे सुट्ट्यांचा गोंधळ राहत नाही. टेस्टचा तुकडाही सलग दिवसांचाच पाडायचा. पुढचं काम एवढंच:

```python
def train_mask(t0, t1, test, embargo):
    a = t0[test].min()
    b = t1[test].max() + embargo
    return ~test & ((t1 < a) | (t0 > b))
```

आता आकडे घालून बघू. एकच शेअर, ० ते ९९९ अशा १००० दिवसांच्या ओळी, लेबल २० दिवसांचं, टेस्ट ४०० ते ५९९. टेस्टमधलं शेवटचं लेबल ६१९व्या दिवशी संपतं. आधीच्या बाजूला ३८०व्या ओळीचं लेबल ४००ला संपतं, त्यामुळे ३८० ते ३९९ या २० ओळी जातात. खरं तर ३८०ची ओळ फक्त एका भावापुरती टेस्टला टेकते, परतावा सामाईक नाही. तिला ठेवता येईल. मी ठेवत नाही. एका ओळीसाठी वाद घालण्यात मजा नाही. नंतरच्या बाजूला ६०० ते ६१९ या २० ओळी जातात आणि एम्बार्गो, म्हणजे त्यानंतरही सोडायचे जास्तीचे दिवस, १० दिवसांचा धरला तर ६२० ते ६२९ याही. ट्रेनिंगला ८००पैकी ७५० ओळी उरतात. पन्नास ओळी गेल्या म्हणून हळहळणाऱ्यांना सांगतो, त्या कधी तुमच्या नव्हत्याच.

नंतरची बाजू विसरणारे फार. "टेस्टनंतरचा डेटा भविष्यातला, तो टेस्टला कसा कळणार?" असा युक्तिवाद असतो. पण ६०० नंबरच्या ओळीचं लेबल ५९९च्या लेबलाशी १९ दिवस सामाईक आहे. गळतीला दिशा कळत नाही.

`max()` च्या जागी शेवटची ओळ

वरच्या कोडमध्ये `t1[test].max()` आहे. तिथे `t1[test].iloc[-1]` लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता कोड उघडला की नजर आधी तिकडेच जाते. लेबल ठरावीक लांबीचं आणि शेअर एकच असेल तर दोन्ही सारखेच. पण ट्रिपल बॅरिअर पद्धतीत, म्हणजे वरची मर्यादा, खालची मर्यादा किंवा मुदत यांपैकी जे आधी गाठेल तिथे लेबल संपतं तेव्हा, हे फसतं. ५९९ची ओळ तीन दिवसांत मर्यादेला लागून ६०२ला संपते, पण ५९५ची रेंगाळत ६१५पर्यंत जाते. शेवटची ओळ धरलीत तर पर्ज, म्हणजे टेस्टच्या लेबलांवर चढणाऱ्या ओळी ट्रेनिंगमधून काढणं, ६०२लाच थांबतो आणि पुढच्या १३ दिवसांत सुरू होणाऱ्या ओळी ट्रेनिंगमध्ये आरामात शिरतात. ही चूक कुठलाही एरर देत नाही, फक्त निकाल थोडा गोड करते.

एम्बार्गो कुठे

टेस्टच्या नंतर. पर्ज लेबलांची सरमिसळ काढतो. एम्बार्गो त्यानंतरही उरलेल्या सहसंबंधासाठी असतो, कारण टेस्टनंतरच्या ओळींची फीचर्स मागे वळून टेस्टच्या काळातच बघत असतात. फक्त मागच्या डेटावर शिकून पुढे तपासण्याच्या पद्धतीत टेस्टनंतर ट्रेनिंग नसतंच, त्यामुळे तिथे एम्बार्गोला काम नाही, पर्ज मात्र लागतो. एम्बार्गो लावला म्हणून पर्ज सोडून देणं ही वेगळीच हुशारी. तीही पाहिली आहे.

आणखी काही, एकेका ओळीत. फीचर्सची निवड आणि स्केलिंग फोल्डच्या आत करा. अर्ली स्टॉपिंगसाठी ट्रेनिंगमधून काढलेल्या तुकड्यालाही पर्ज लावा, नाहीतर झाडांची संख्या विनाकारण फुगते. डेटाच्या शेवटी ज्यांचं लेबल अजून पूर्ण झालेलं नाही त्या ओळी आधीच काढून टाका. रँडम फॉरेस्टचा आउट-ऑफ-बॅग स्कोर इथे पिसलेल्या फोल्डइतकाच खोटा असतो, कारण बॅगमध्ये न आलेल्या ओळीचे शेजारी बॅगमध्ये असतातच.

पर्ज केला म्हणजे १००० ओळी मिळाल्या असं नाही

पर्ज ट्रेनिंग आणि टेस्ट यांच्यातली गळती थांबवतो. टेस्टच्या आत लेबलं एकमेकांवर चढलेलीच राहतात. १००० दिवस आणि २० दिवसांचं लेबल म्हणजे एकमेकांना न शिवणाऱ्या खिडक्या अवघ्या ५०. १००० स्वतंत्र ओळी धरल्या तर ५३ टक्के अचूकतेवरची प्रमाण त्रुटी सुमारे १.६ टक्के येते आणि निकाल ठीक वाटतो. ५० धरल्या तर तीच ७ टक्क्यांवर जाते आणि ५३ला काही अर्थ उरत नाही. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये असतं, पण माझा अनुभव असा की ते ५०च्या बाजूला जास्त झुकलेलं असतं. हे सांगितलं की नवख्यांचा चेहरा उतरतो आणि ते लेबल ५ दिवसांचं करून परत येतात. तो निर्णय कदाचित बरोबरही असेल, पण कारण चुकीचं आहे.

पैज लावण्याआधीची एक तपासणी

खरा भाव काढून त्या जागी यादृच्छिक चाल घाला. रोजचे परतावे नॉर्मल वितरणातून, बाकी सगळं तेच: तीच फीचर्स, तेच लेबल, तेच फोल्ड, तेच मॉडेल. इथे शिकण्यासारखं काहीच नाही. `shuffle=True` ने चालवा, अचूकता ५०च्या बरीच वर जाईल. मग तुमच्या पर्ज केलेल्या फोल्डवर चालवा. तिथेही ५०च्या वर चिकटून राहिली तर गळती अजून आहे, आणि ती शोधल्याशिवाय खऱ्या डेटाकडे जायचं नाही.

कधीकधी आकडा ५०च्या थोडा खाली येतो आणि लोक घाबरून पर्जच काढून टाकतात. यात बिघाड नाही. एकूण डेटा ठरलेला असताना टेस्टच्या तुकड्यात वाढीची लेबलं जास्त असतील तर उरलेल्या ट्रेनिंगमध्ये ती कमीच असणार, आणि ट्रेनिंगच्या सरासरीकडे झुकणारं मॉडेल टेस्टमध्ये उलटं चुकतं. फोल्ड कमी आणि लेबल लांब असेल तर हे जास्त जाणवतं. म्हणून एकाच चालीवर निष्कर्ष काढू नका. मी वीस वेगवेगळ्या सीडने वीस चाली बनवतो आणि त्यांची सरासरी आणि पसारा दोन्ही बघतो. खऱ्या डेटावरचा आकडा त्या पसाऱ्याच्या आतच पडत असेल तर ते मॉडेल मी तिथेच बंद करतो.