या चुका टाळा: दहा बाय दहाच्या खोलीत दोन वर्षांचं मूल खेळवताना

पाऊस लागला, खाली नेता येत नाही, आणि पोर पलंगावरून टीपॉयवर आणि टीपॉयवरून पलंगावर चाललंय. अशा वेळी बहुतेक घरांत पहिली चूक होते ती पकडापकडीची. दहा फुटांच्या खोलीत पलंग आणि कपाट वजा केलं तर मोकळी जागा पाच-सहा फूटच उरते. दोन वर्षांच्या मुलाला पळता येतं, पण ऐनवेळी थांबता येत नाही. शरीराच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे तोल गेला की आधी डोकंच आपटतं. त्यातून पायात मोजे आणि खाली गुळगुळीत टाइल्स असतील तर बघायलाच नको. घरात खेळायचं ते अनवाणी.

छोट्या खोलीत वेगाऐवजी वजनाचे खेळ द्यावेत. ढकलणं, ओढणं, उचलून नेणं यात दोन-तीन फुटांतही अंग कामाला लागतं आणि जोरात आपटण्याची वेळ फारशी येत नाही.

यातला सगळ्यात उपयोगी खेळ म्हणजे धुण्याच्या कपड्यांची बास्केट ढकलणं. बास्केट बुडाशी रुंद आणि साधारण दीड फूट उंच हवी, म्हणजे तिची कड साधारण मुलाच्या कमरेपर्यंत येते. बुटका टब घेतला तर मूल फार वाकतं आणि टब पुढे सरकला की तोंडावर पडतं. बास्केटखाली जुना टॉवेल घाला, म्हणजे ती टाइल्सवर सरकते आणि आवाजही होत नाही (खालचे शेजारी दुवा देतील). आत दोन किलो बटाटे गाठ मारलेल्या कापडी पिशवीत ठेवा. बऱ्याच घरांत बास्केट रिकामीच देतात. ती सुळकन पुढे जाते, मूल तिच्यामागे धावतं, आणि आपण पुन्हा पकडापकडीवर येतो. वजन बरोबर आहे की नाही हे मुलाकडे बघून कळतं. अंग पुढे झुकलेलं, पाय रोवलेले, चाल संथ असेल तर ठीक. ते धावायला लागलं तर अर्धा किलो वाढवा. दोन प्रयत्नांत बास्केट हललीच नाही तर कमी करा.

मूल दोन फेऱ्यांत कंटाळलं, तर बहुधा ढकलायला कारण नाही म्हणून. "बटाटे आजीला नेऊन दे" म्हटलं की तेच मूल दहा फेऱ्या मारतं. बटाटे एकेक काढून टोपलीत ठेवायला लावले तर वाकणं-उठणंही होतं. चणे, शेंगदाणे, नाणी असलं बारीक काही मात्र देऊ नका, ते तोंडात जातं. खेळताना तोंडात खाऊही नको.

उड्यांसाठी गादी जमिनीवर घाला, पलंगावर नाही. पलंग खिडकीला लागून असेल तर तिथे उड्या बंदच. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. गादी टाइल्सवर सरकते, म्हणून खाली योगा मॅट घाला आणि भिंत व कपाटापासून निदान दोन फूट अंतर ठेवा. उंचीसाठी घडी घातलेली गोधडी पुरे. लाकडी पाट कडेवर पाय पडला की उलटतो. या वयात काही मुलं अजून दोन्ही पायांनी उडी मारत नाहीत, नुसती पाय टाकून उतरतात. त्यांना हाताला धरून ओढू नका.

हात धरून गरगर फिरवणं किंवा एका हाताने वर खेचणं यात मुलाचं कोपराचं हाड जागेवरून किंचित सरकू शकतं. सूज दिसत नाही, पण मूल तो हात किंचित वाकवून अंगालगत धरतं आणि खेळणं दिलं तरी उचलत नाही. तो ओढून किंवा चोळून बघू नका, डॉक्टरांकडे न्या. उचलायचं तर काखेत धरून.

शेवटची चूक वेळेची. "दमवलं की झोपेल" म्हणून रात्री नऊला तासभर धिंगाणा घातला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, पण ती दिवसभरात विभागून. म्हणून पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे पाडा आणि मूल पलंग-टीपॉयवर चढायला लागण्याआधीच बास्केट बाहेर काढा. उगाच खिदळणं, चावणं, सपाट जमिनीवर अडखळणं सुरू झालं की ते अतिदमलेलं असतं. आणखी खेळवलं तर अजूनच चेकाळतं. तेव्हा दिवा मंद करून "पोळी लाटूया" खेळा: मुलाला पालथं झोपवून पाठीवरून पायांपर्यंत उशी दाबत सावकाश फिरवायची. मान आणि डोकं सोडून, तोंड मोकळं ठेवून, पाच मिनिटं. "अजून जोरात" म्हणालं तर दाब थोडा वाढवा, वेग नाही.