होम लोनला फिक्स घ्यायचं की फ्लोटिंग: सही करायच्या आधीची तयारी

भाऊ जळगावात फ्लॅट घेतोय, काल फोनवर विचारत होता दर कायम राहणारं फिक्स घेऊ का दर बदलत राहणारं फ्लोटिंग. त्याला सांगितलं तेच इथं टाकतो, कारण २०२१ ला मी यात चांगलाच आपटलोय.

पगाराच्या स्लिपा, आयटीआर, सिबिल, ते एजंट मागतोच, त्यावर मी बोलत नाही.

पहिलं काम म्हणजे सँक्शन लेटर हातात घ्यायचं आणि "फिक्स" या शब्दापुढे किती वर्षं लिहिलंय ते शोधायचं. मी हेच केलं नाही. माझं कर्ज हाऊसिंग फायनान्स कंपनीचं, तिचा एजंट म्हणाला साडेसात टक्के फिक्स, मी समजलो वीस वर्षं फिक्स. लेटरमध्ये बारीक अक्षरात होतं, पहिली तीन वर्षं फिक्स, नंतर कंपनीच्या चालू फ्लोटिंग दराने. आपल्याकडे फिक्स म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा असंच दोन, तीन, पाच वर्षांचं असतं. म्हणून विचारा, किती वर्षं फिक्स? तोंडी उत्तर नको, लेटरमधल्या ओळीवर बोट ठेवून दाखव म्हणायचं. पूर्ण मुदत फिक्स म्हटला तरी अॅग्रीमेंटमध्ये "रीसेट" किंवा बाजार फार बदलला तर दर बदलू शकतो असं कलम आहे का ते बघायचं, असेल तर ते फिक्स नावापुरतंच.

माझं काय झालं ते आकड्यात सांगतो. वीस लाख, वीस वर्षं, साडेसात टक्के, हप्ता सोळा हजार शंभरच्या आसपास. तीन वर्षांनी साडेअठरा लाख बाकी आणि दर झाला साडेनऊ. हप्ता तेवढाच राहिला म्हणून मला कळलंच नाही, मेसेज आलेला तो मी वाचला नाही (वीजबिलाच्या मेसेजांत गेला). हप्ता तोच ठेवून मुदत वाढवलेली, राहिलेली सतरा वर्षं झाली साडेपंचवीस! मुदत सतराच ठेवायची तर हप्ता साडेअठरा हजारांच्या जवळ गेला असता, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार जास्त, जे मी सहज भरले असते. ऑगस्ट २०२३ चा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की दर बदलला की हप्ता वाढवायचा का मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. पण मेसेज न वाचणाऱ्याला कोण काय देणार भो.

तर परत तेच, किती वर्षं फिक्स, आणि ती संपल्यावर कशाला जोडलेला दर.

हे दुसरं पण लिहून घ्या. बँकेचं फ्लोटिंग १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराला जोडावं लागतं, बहुतेक रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा बदलावं लागतं. रेपो मे २०२० ते मे २०२२ मध्ये चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला, मग २०२५ मध्ये उतरून सव्वापाचवर आला, म्हणजे चढताना जसं चढतं तसं उतरताना उतरतंही. हाऊसिंग फायनान्स कंपनीला हे बंधन नाही, तिचा दर तिच्या स्वतःच्या दराला, माझं तसंच. त्यामुळे रेपो उतरला तरी आपला कधी उतरेल ते तिच्यावर.

आपल्याकडचा एक मुद्दा, ज्यांच्या घरी कापूस नाहीतर केळी आहे त्यांच्यासाठी. माल विकला की लाख-दोन लाख एकदम कर्जात टाकायचे असतात ना? स्वतःच्या नावावरच्या घराच्या फ्लोटिंग कर्जावर बँकेला असं आधी भरल्याचा दंड लावता येत नाही. फिक्सवर लागू शकतो, टक्का विचारून ठेवा. म्हणून दरवर्षी मधेच पैसे भरणार असाल तर मी फ्लोटिंगच घ्या म्हणेन, आणि हप्ता ताणूनच बसत असेल, दोन हजार वाढले तरी घरात भांडण होईल, तर थोडा जास्त दर देऊन फिक्स बघा. पण किती वर्षं?! दहाच्या खाली असेल तर संपल्यावर काय करायचं ते आत्ताच ठरवा.

बाकी पटापट: दुसऱ्या बँकेत कर्ज न्यायचं तर प्रोसेसिंग, गहाणखताचा स्टॅम्प, वकील, हा खर्च आधी धरा. फिक्सवरून फ्लोटिंग करायला फी किती ते विचारा. वर्षातून एकदा स्टेटमेंट काढून फक्त "उरलेले हप्ते" बघा. अॅग्रीमेंटची झेरॉक्स घरी ठेवा.

आणि फिक्स किती वर्षं ती ओळ फोटो काढून मला पाठव म्हणालोय भावाला, अजून पाठवली नाही त्यानं.