पानाचा क्रमांक फाइलच्या नावात घालू नका

जुन्या वह्या, रोजनिश्या, कीर्द-खतावण्या यांतला मजकूर पानापानाने टाइप करून साठवण्याच्या कामात तुम्ही नव्याने येत असाल, तर स्कॅन कसं करायचं, अक्षर कसं लावायचं, शंकेची जागा कशी दाखवायची हे तुम्हाला कोणीतरी शिकवलेलं असणार. मी लिहितेय ते त्याच्या पुढचं. टाइप केलेलं पान पाच वर्षांनी, तुम्ही तिथे नसताना, दुसऱ्या माणसाला सापडेल का? ते ठरतं फाइलच्या नावावर आणि सोबतच्या तक्त्यावर. नवख्या माणसाचा घात होतो तोही तिथेच.

मी एका हस्तलिखित वहीच्या कामात मध्येच रुजू झाले, तेव्हा फाइलींची नावं `p57.jpg`, `p57_new.jpg`, `p140.jpg` अशी होती. मजकूर उत्तम उतरवलेला होता. पण अभ्यासकांच्या टिपणांत ‘पान १४०’ असं लिहिलेलं असे आणि ते १४० म्हणजे वहीवर शाईने लिहिलेला क्रमांक की स्कॅनच्या चित्राचा अनुक्रमांक, हे कोणालाच सांगता येईना. दोन्हींत चारचा फरक होता. चार पानं इकडे-तिकडे शोधणं सोपं वाटतं; शेकडो टिपणांसाठी ते करावं लागलं की माणूस रडकुंडीला येतो. त्या दिवसांचा त्रास मी अजून विसरलेले नाही, म्हणून हा एक मुद्दा फार लांबण लावून सांगणार आहे.

वहीत पानाला तीन वेगळ्या गोष्टी चिकटलेल्या असतात. एक, पानावर लिहिलेला क्रमांक, लिहिणाऱ्याने चुकवलेला असला तरी. दोन, वाचताना ते कितवं येतं तो क्रम. तीन, तुम्ही त्याला दिलेली कायमची ओळख. या तिन्ही गोष्टी सुरुवातीला एकच दिसतात. सगळा सापळा तेवढाच आहे.

आमच्याच वहीचं उदाहरण घ्या. पहिली चार चित्रं मुखपृष्ठ, त्याची आतली बाजू आणि कोऱ्या पानांची. त्यामुळे पान १ हे चित्र ५ वर आलं, फरक चार. ‘पानात चार मिळवा, चित्र मिळेल’ असा नियम कोणीतरी तोंडी सांगितला आणि पहिली पन्नास पानं तपासल्यावर तो बरोबरही निघाला. पुढे लिहिणाऱ्याने ५७ हा आकडा दोनदा घातला: पहिलं ५७ चित्र ६१ वर, दुसरं ६२ वर. फरक पाच झाला. मग त्याने ८८ गाळलं. पान ८७ चित्र ९२ वर आणि ८९ चित्र ९३ वर, म्हणजे फरक परत चार. १०२ आणि १०३ यांच्यामध्ये एक चिठ्ठी होती, तिच्या दोन बाजूंची दोन चित्रं, त्यामुळे पान १०३ गेलं चित्र १०९ वर. फरक सहा. सुरुवातीला तपासणी केली की सगळं जुळतं आणि बिघाड मधल्या भागात असतो, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

हे पकडायची युक्ती साधी आहे. तक्त्यात क्रम आणि पानावरचा क्रमांक असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि तिसऱ्यात त्यांची वजाबाकी करा. वजाबाकी जिथे बदलते तिथे थांबा, मूळ वही उघडा आणि बदलाचं कारण शेऱ्यात लिहा. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. फरक किती बदलला यावरूनही पुष्कळ कळतं. पान पाठपोट क्रमांकित असेल, तर एका कागदाला दोन क्रमांक लागतात. फरक एकाने कमी झाला, तर बहुतेक लिहिणाऱ्याने आकडा गाळलेला असतो किंवा एका बाजूचं चित्र घ्यायचं राहिलेलं असतं. दोनाने कमी झाला, तर एक अख्खा कागद निसटल्याचा संशय घ्या: दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली किंवा कागद फाटून गेला. आमच्या वहीत १३० नंतर एकदम १३३ आलं होतं, चित्र १३६ आणि १३७. फरक सहावरून चारावर. मूळ वही मागवली, तर १३१-१३२ चा कागद पुढच्या कागदाला चिकटलेला होता. हा शोध वजाबाकीने लागला. चित्रं बघून तो लागला नसता, कारण मजकुराच्या नोंदी तुटक होत्या आणि वाचताना काही खटकत नव्हतं.

आता कळीचा प्रश्न. उशिरा सापडलेल्या त्या दोन बाजूंना नाव काय द्यायचं? नावात क्रम असेल, तर १३७ पासून पुढची सगळी नावं दोनने सरकवावी लागतील आणि आजवर कोणी दिलेला प्रत्येक संदर्भ चुकीच्या पानावर जाईल. एका झटक्यात शेकडो फाइलींची नावं बदलणारी साधनं मिळतात आणि ‘दोन मिनिटांचं काम आहे’ असं सांगणारी माणसंही मिळतात. त्यांचं ऐकू नका. ज्या साधनाने एका मिनिटात नावं बदलतात, त्याने तेवढ्याच वेळात लोकांच्या टिपणांतले संदर्भ मरतात.

म्हणून नाव अर्थशून्य ठेवायचं आणि एकदा दिलं की बदलायचं नाही. आमची शेवटची फाइल `rj03_0240` होती. नव्या दोन बाजू `rj03_0241` आणि `rj03_0242` झाल्या. वाचताना त्या मध्ये येतात ते `order` या रकान्यामुळे. तो रकाना हवा तेव्हा पुन्हा मोजून भरा, कारण त्याचा संदर्भ कोणी देत नाही.

```
id,order,label,label_ed,kind
rj03_0061,61,57,,page
rj03_0062,62,57,[57a],page
rj03_0107,107,,,slip
rj03_0241,137,131,,page
rj03_0137,139,133,,page
```

`label` मध्ये पानावर जे आहे तेच, चुकीचं असलं तरी. आपण ठरवलेला क्रमांक `label_ed` मध्ये, चौकटी कंसात, म्हणजे तो आपला आहे हे दिसतं. हे काही आमच्या घरचं शास्त्र नाही. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या मेट्स या पद्धतीत क्रमासाठी `ORDER` आणि छापील क्रमांकासाठी `ORDERLABEL` अशी दोन वेगळी खाती आहेत. मजकुराला खुणा करायच्या टीईआय पद्धतीत पान बदलल्याची खूण करताना क्रमांक `n` मध्ये आणि चित्राचा पत्ता `facs` मध्ये जातो. पुढेमागे यांपैकी कशातही जायचं झालं, तर असा तक्ता सरळ बदलून घेता येतो. नाव मात्र लहान रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढ्यातच ठेवा, आकड्यांपुढे शून्यं भरा. नाहीतर १ नंतर १० आणि मग १०० अशी रांग लागते. चित्र `rj03_0061.jpg` असेल, तर मजकूर `rj03_0061.txt`. एका पानाला एकच मजकूर-फाइल. सुधारित, अंतिम, नवीन अशी शेपटं नावाला लावू नका. अवस्था सांगायला वेगळा रकाना करा.

इथवर घाबरला असाल, तर थोडं हायसं वाटेल असं सांगते: एवढं नीट झालं की उरलेलं बहुतेक सगळं नंतर दुरुस्त करता येतं. तारखा, माणसांची नावं, विषय, यांचे रकाने पुढच्या वर्षी भरले तरी काही बिघडत नाही. तारखेसाठी फक्त पहिल्यापासून दोन रकाने ठेवा, एक पानावर जशी आहे तशी आणि एक `1897-06` किंवा अंदाज असेल तर `1897~` अशी.

तक्ता सीएसव्हीत ठेवा, पण एक्सेलमध्ये नुसता दुहेरी टिचकी मारून उघडू नका. सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून आयात करा. तसं केलं नाही, तर पुढची शून्यं गळतात. शिवाय एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही, त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा आणि काही नुसता मजकूर अशी खिचडी होते आणि क्रमवारी चुकते.

मग शोध. मराठीत इथे एक छुपा खड्डा आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन जणांनी टाइप केला, पडद्यावर अगदी सारखा दिसला, तरी आत वेगळा असू शकतो. एकाने नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. ‘ॲ’चंही तेच: एकसंध अक्षर किंवा अ वर चंद्र. युनिकोडचं प्रमाणित रूप, म्हणजे एनएफसी, र आणि सुटा नुक्ता जोडून एक ऱ करतं. पण जोडचिन्हाचा र आणि चंद्राचा अ ते तसेच सोडतं. ते आपल्यालाच बदलावे लागतात.

```
import unicodedata
def search_form(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    return s.replace("\u0905\u0945", "\u0972")
```

हे मूळ मजकुरावर चालवू नका. मूळ जसाच्या तसा ठेवा आणि शोधासाठी वेगळी प्रत तयार करा, जी कधीही पुसून पुन्हा बनवता येईल. ओळीच्या किंवा पानाच्या शेवटी तुटलेला शब्दही त्याच प्रतीत जोडा. शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्दसुद्धा याच फंक्शनमधून जायला हवा. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग ‘शोध चालत नाही’ म्हणून मजकुरालाच हात घालतात. चालतो की नाही ते कळण्यासाठी एखाद्या पानावर ‘दुसऱ्या’ असल्याचं डोळ्यांनी बघा आणि तो शब्द दोन्ही तऱ्हांनी टाइप करून शोधा. दोन्ही वेळा तेच पान यायला हवं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ‘आधी सगळं स्कॅन करून टाका, नावांचं मागाहून बघू’ म्हणणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याला त्याचा स्वतःचा तक्ता दाखवायला सांगा. तक्ता नसेल, तर अक्षर कसं लावायचं ते त्याच्याकडून जरूर शिका, साठवण दुसऱ्याकडून.

साठवणीत मूळ चित्रं, मजकूर आणि तक्ता एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून निघणारा लांब आकडा, काढून ठेवा:

```
sha256sum *.jpg *.txt *.csv > manifest.sha256
sha256sum -c manifest.sha256
```

पहिली ओळ फोल्डर पक्का झाला की चालवायची. दुसरी ओळ दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतल्यावर तिथे चालवायची, आणि नंतरही अधूनमधून. एखाद्या फाइलपुढे `FAILED` आलं, तर ती कोणी बदलली की ती बिघडली ते बघा आणि तोवर त्या डिस्कवरून दुसरीकडे काहीही उतरवू नका. मजकूर दुरुस्त केला की ठसाही नव्याने काढावा लागतो, म्हणून दुरुस्त्या एकेक न करता साठवून एकदम करा. त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवा: `rj03` म्हणजे कोणती वही, `label` आणि `order` यांत काय फरक, आणि `0241` वाचताना मधेच का येतं.